लूप-संरक्षण प्रोब फ्रेम

स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप आधीच टाळणारी व्यवस्था, नसलेल्या स्वस्त स्मार्ट स्विचमध्ये नेटवर्कमधला लूप ओळखण्यासाठी स्विच स्वतःच ठरावीक वेळाने जी छोटी फ्रेम सोडतो, तिला लूप-संरक्षण प्रोब फ्रेम म्हणतात. टीपी-लिंकच्या TL-SG108E सारख्या आठ पोर्टच्या स्विचवर ही सोय `Loop Prevention` या नावाने दिसते. फ्रेमच्या स्रोत-पत्त्यात स्विचचा स्वतःचा मॅक पत्ता असतो. ती फिरून त्याच स्विचकडे परत आली, तर कुठेतरी वर्तुळ जुळले आहे असे समजून स्विच एक पोर्ट बंद करतो.

या खबरदारीचे कारण इथरनेटच्या रचनेतच आहे. आयपी पॅकेटला आयुर्मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला नसते. त्यामुळे वर्तुळात शिरलेली ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठी पाठवलेली, फ्रेम आपणहून कधीच संपत नाही, आणि प्रत्येक नवी ब्रॉडकास्ट तिच्यात भर घालते. एका गिगाबिट केबलवर सर्वांत लहान, म्हणजे 64 बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार मावतात. दोन प्रोबमध्ये काही सेकंद गेले, तर तेवढ्या वेळात केबल सहज भरून जाते. प्रोब लूप होण्यापासून रोखत नाही, झालेला लूप नंतर तोडते. स्पॅनिंग ट्रीत पोर्ट आधी ऐकतो आणि मगच रहदारी सोडतो. इथे उलट आहे.

साधा प्रसंग असा: टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच आहे आणि कोणीतरी मोकळी दिसलेली पॅच कॉर्ड भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचली. आता स्मार्ट स्विचचे पोर्ट 3 आणि 5 दोन्ही त्याच साध्या स्विचकडे जातात. पोर्ट 3 मधून गेलेली प्रोब तो सगळीकडे पसरवतो, ती पोर्ट 5 वर परत येते आणि एक पोर्ट बंद होतो. प्रोब याच कामासाठी आहे आणि हे काम ती चोख करते.

अडचण व्हीलॅनपासून, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या आभासी जाळ्यांपासून, सुरू होते. फ्रेम कोणत्या व्हीलॅनची हे सांगणारा तिच्यातला क्रमांक म्हणजे टॅग. समजा, अ आणि ब या दोन स्विचमध्ये पोर्ट 7 वरची केबल व्हीलॅन 1 विनाटॅग आणि व्हीलॅन 20 टॅगसह नेते. नंतर कॅमेऱ्यांसाठी पोर्ट 8 वर दुसरी केबल टाकली आणि तिच्या दोन्ही टोकांना फक्त टॅग असलेला व्हीलॅन 20 ठेवला. बऱ्याच स्वस्त स्विचची प्रोब विनाटॅग जाते. अ च्या पोर्ट 7 मधून निघालेली प्रोब ब मध्ये व्हीलॅन 1 मध्ये पसरते, पण पोर्ट 8 त्या व्हीलॅनचा सदस्य नसल्याने तिथून परत येत नाही. पोर्ट 8 मधून निघालेली प्रोब ब च्या दारातच टाकून दिली जाते, कारण तिला टॅग नाही. इकडे कॅमेऱ्याची एक एआरपी विनंती, म्हणजे पत्ता विचारणारी ब्रॉडकास्ट, व्हीलॅन 20 मध्ये दोन्ही दिशांनी गरगरत राहते. पोर्ट 7 ची केबल सामाईक असल्यामुळे व्हीलॅन 1 वरचे संगणकही ठप्प होतात, आणि लूपचा इशारा मात्र कुठेच उमटत नाही. दुहेरी केबल हवीच असेल, तर ती जोडण्यापूर्वी दोन्ही टोकांना पोर्ट 7 आणि 8 चा, दोन्ही केबल एकच वाट मानणारा, एकच स्थिर गट करावा आणि दोन्हींची व्हीलॅन यादी सारखी ठेवावी.

दुसरी मर्यादा वादळातली, म्हणजे लूपमुळे उसळलेल्या ब्रॉडकास्टच्या पुरातली. रांगा भरल्या की प्रोबही इतर फ्रेमसारखीच गळू शकते. वाटेतल्या स्विचवर ब्रॉडकास्टला मर्यादा लावलेली असेल, तर तीच मर्यादा प्रोबही गाळते.

तिसरी बाब कोणता पोर्ट बंद होतो ही. प्रोबला जाळ्याचा नकाशा माहीत नसतो, मूळ कुठे आणि फांदी कुठे हे तिला कळत नाही. लूप खालच्या साध्या स्विचच्या आतच असेल, तर प्रोब गेली त्याच पोर्टवर परत येते आणि त्या पोर्टखालची सगळी खोली तुटते. काही स्विच ठरलेल्या वेळाने पोर्ट पुन्हा उघडतात. केबल तशीच असेल, तर क्षणभर वादळ, मग शांतता, पुन्हा वादळ असे चक्र चालते. नेटवर्क घड्याळाच्या ठेक्यावर जात-येत असेल, तर संशय इथेच घ्यावा.

प्रोब खरोखर निघते का, हे पाहणे सोपे आहे. अनेक रिअलटेक चिपवर या फ्रेमचा इथरटाइप 0x8899 असतो. त्या स्विचला जोडलेल्या लिनक्स संगणकावर:

```
tcpdump -e -n -i eth0 ether proto 0x8899
```

प्रोब चालू असेल, तर एकाच स्रोत-पत्त्याच्या फ्रेम ठरावीक अंतराने दिसतात. `-e` मुळे तो पत्ता छापला जातो आणि तो स्विचच्या मागच्या लेबलशी ताडून पाहता येतो. ही पाहणी टॅग असलेल्या पोर्टवरही करावी. तिथे फ्रेमला टॅग नसेल, तर वरच्या उदाहरणातला लूप तो स्विच पकडू शकणार नाही.