तुटक्या पंखाच्या फुलपाखराला पैसे कोण देतं?

‘आधी पैसे खिशात, आणि बाजार वर गेला तर तोटा शून्य.’ ब्रोकन विंग बटरफ्लाय या ऑप्शनच्या सौद्याची ओळख हल्ली बऱ्याचदा या वाक्याने करून दिली जाते. वाक्य खोटं नाही. पण ते ऐकून अनेकांना वाटतं, की बाजाराच्या हिशोबात चुकून राहिलेली ही एखादी फट असावी. तशी फट इथे नाही. का नाही, ते शाळेतल्या आलेखाच्या गणितावरून कळतं, आणि या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजेच स्ट्राइकला, विकण्याचा हक्क. समजा एक निर्देशांक १००० वर आहे आणि मुदत संपायला दीड महिना आहे. ९६० च्या पुटचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, १४, ९४० चा १०, ९२० चा ६.७ आणि ९०० चा ४ आहे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण त्यांची ठेवण खरी आहे. स्ट्राइक खाली सरकते तसा प्रीमियम घटतो, मात्र प्रत्येक टप्प्यावरची घट आधीच्या टप्प्यापेक्षा कमी असते: आधी ४, मग ३.३, मग २.७.

साध्या बटरफ्लायमध्ये ९६० चा एक पुट घेतात, ९४० चे दोन विकतात आणि ९२० चा एक घेतात. मधल्या ९४० पासून सारख्याच अंतरावरचे हे कडेचे दोन पुट म्हणजे फुलपाखराचे पंख. खर्च १४ अधिक ६.७ वजा २०, म्हणजे ०.७. आता गंमत पाहा. हा ०.७ म्हणजेच लागोपाठच्या दोन घटींमधला फरक, ४ वजा ३.३. मुदतीच्या दिवशी या रचनेतून कधीच काही द्यावं लागत नाही. ९६० च्या वर किंवा ९२० च्या खाली हाती शून्य येतं आणि मध्ये काहीतरी मिळतं. जिच्यात फक्त मिळण्याचीच शक्यता आहे, अशी वस्तू कुणी वर पैसे देऊन तुमच्या गळ्यात घालणार नाही. म्हणून तो फरक ऋण होऊ शकत नाही आणि प्रीमियमचा आलेख खोलगट वाकलेलाच राहतो. हा वाक किती आहे यावरून भाव त्या जागी थांबण्याची बाजाराने धरलेली, जोखमीचं मोल मिसळलेली संभाव्यता काढता येते, हे ब्रीडन आणि लिट्झेनबर्गर यांनी १९७८ साली दाखवलं. सम पंखांचं फुलपाखरू म्हणजे त्या संभाव्यतेचा एक छोटा तुकडा विकत घेणं.

मग क्रेडिट, म्हणजे सुरुवातीलाच खिशात येणारे पैसे, कुठून येतात? ब्रोकन विंगसाठी खालचा पंख ९२० वरून ९०० वर न्या. खर्च होतो १४ अधिक ४ वजा २०, म्हणजे उणे २. उलट आपल्यालाच २ मिळाले. पण पंख हलवताना आपण ९२० चा पुट सोडला आणि ९०० चा घेतला, म्हणजे त्या दोन भावांमधल्या पडझडीचा विमा २.७ ला विकला. त्यातून ०.७ चं फुलपाखरू घेतलं आणि २ उरले. पैसे देणारा तोच, ज्याची ती पडझड आता आपण अंगावर घेतली आहे.

मुदतीच्या दिवशी भाव ९६० च्या वर असेल तर हे २ आपले. बरोबर ९४० ला २२ मिळतात, ९१८ ला हिशोब शून्यावर येतो, आणि ९०० किंवा त्याखाली कुठेही १८ चा तोटा होतो. तो त्याहून वाढत नाही, कारण खालचा पुट आधार देतो. ‘नव्वद टक्के वेळा नफा’ अशा जाहिराती मला धोकादायक वाटतात त्या यामुळेच: २ मिळवून देणारे नऊ सौदे १८ च्या एकाच तोट्याने पुसले जातात.

मुदतीआधीचं चित्र वेगळं असतं. पहिल्याच आठवड्यात भाव ९४० ला आला आणि अस्थिरता वाढली, तर जिथे शेवटी २२ मिळायचे तिथेच, ढोबळ हिशोबाने, खात्यात ३ च्या आसपास तोटा दिसतो. विकलेल्या दोन पुटमध्ये अजून बराच वेळ आणि बरीच भीती शिल्लक असते. उतारावर तंबूसारखं दिसणारं नफ्याचं शिखर शेवटच्या काही दिवसांतच उभं राहतं. तोवर भाव तिथे थांबलेला असावा लागतो.

‘वरच्या बाजूला तोटा नाही’ हे विधानही त्या २ अंकांवरच उभं आहे. सौद्यात एकूण चार ऑप्शन आहेत. खरेदीची बोली आणि विक्रीची मागणी यांच्यातल्या अंतरामुळे प्रत्येकावर अर्धा अंक गेला तरी २ संपतात. वर दलाली द्यावी लागली की भाव वर गेल्यावरही खात्यात थोडा तोटाच उरतो. म्हणून चारही ऑप्शनची एकच ऑर्डर द्यावी, तिच्यावर किमान क्रेडिटची मर्यादा घालावी, आणि तेवढं मिळत नसेल तर सौदा सोडून द्यावा.