जेवताना थंड पेय आणि जठराग्नी

जेवताना फ्रिजमधले पाणी किंवा कोल्ड्रिंक प्यायले की अन्न पचत नाही, असे महाराष्ट्रात घरोघरी मानतात. या समजुतीचे मूळ ‘जठराग्नी’ या शब्दात आहे. आयुर्वेद पचनशक्तीला अग्नी म्हणतो आणि ती मंदावली की अग्निमांद्य. चुलीत पाणी पडले की विस्तव विझतो, तसाच गार पाण्याने पोटातला अग्नी विझतो, असा हा तर्क आहे. परंपरेने जेवतानाचे द्रव मात्र वर्ज्य ठरवलेले नाही. पोटाचे दोन भाग अन्नाने आणि एक भाग द्रवाने भरावा, चौथा मोकळा ठेवावा, असे आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार वाग्भट सांगतो. पंगतीत मठ्ठा आणि कोकणात सोलकढी जेवणाबरोबरच येते, आणि तीही गारच.

पोटात प्रत्यक्ष काय घडते, ते एका ताटावरून पाहता येते. वरण-भात, भाजी मिळून ५०० ग्रॅम अन्न पोटात ३७ अंश सेल्सिअसला आहे आणि त्यावर ५ अंशांचे २०० मिलिलिटर पाणी गेले, असे धरू. अन्नाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता पाण्याइतकीच मानली, तर मिश्रण सुमारे २८ अंशांवर येईल. प्रत्यक्षात पाणी घोटाघोटाने जाते आणि अन्ननलिकेतच थोडे तापते, म्हणून घट याहून कमी असते. ते सगळे पाणी ३७ अंशांवर आणायला साडेसहा किलोकॅलरींच्या आसपास उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर एवढी उष्णता पाच-सहा मिनिटांत निर्माण करते. ती जठराच्या भिंतीतून वाहणाऱ्या रक्तातून आत पोचते, त्यामुळे ऊब यायला त्याहून जास्त वेळ लागतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना ४ अंशांचा ४०० मिलिलिटर संत्र्याचा रस दिला होता. पोटाचे तापमान २० ते ३० मिनिटांत पूर्ववत झाले. गार रस सुरुवातीला पोटातून जरा हळू पुढे सरकला.

म्हणजे समजुतीतला एवढा अंश खरा आहे: गारव्याने जठराचे काम काही मिनिटे संथ होते. पण जड जेवण पोटातून पुढे जायला मुळातच तीन-चार तास लागतात, त्यात ही काही मिनिटे हरवून जातात. ‘गार पाण्याने पोटात तूप-तेल गोठते’ हा फॉरवर्ड होत राहणारा संदेशही इथेच खोटा ठरतो. तूप क्षणभर दाट झाले तरी पोटाच्या उबेने पुन्हा पातळ होते, आणि स्निग्धाचे मुख्य पचन पुढे लहान आतड्यात, पित्त व स्वादुपिंडाच्या रसाने, शरीराच्या तापमानालाच होते.

पाण्याने पाचक रस पातळ होतो, ही शंकाही रास्त आहे, पण परिणाम किरकोळ आहे. आम्लाचे आकारमान पाणी घालून दुप्पट केले तरी पीएच फक्त ०.३ ने वाढतो. खुद्द अन्नच आम्लाला याहून कितीतरी जास्त बोथट करते. शिवाय जठर आम्ल सोडतच राहते. दिवसभरात सुमारे दोन लिटर जठररस तयार होतो.

मग कोल्ड्रिंकनंतर पोट जड का वाटते? मराठीत ‘कोल्ड्रिंक’ म्हणजे बहुधा फसफसणारे गोड पेय, आणि इथे दोष गारव्यापेक्षा वायूचा असतो. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास लिटरभर कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला असतो. काही बाटली उघडताच जातो, उरलेला भरल्या पोटात सुटतो. जठर ताणले जाते, त्याच्या तोंडाशी असलेली अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते आणि वायूबरोबर आम्लही वर येऊ शकते. सोडा प्यायल्यावर येणारा ढेकर अन्न पचल्याची खूण मानतात, पण तो पेयातलाच वायू असतो. शिवाय ही बाटली बहुतेकदा बिर्याणी किंवा तळणाबरोबर येते. जठर रिकामे व्हायला उशीर लावते ते त्यातले स्निग्ध, आणि नाव मात्र बाटलीचे होते.

काही लोकांना मात्र गारवा खरोखर बाधतो. हीच झडप नीट न उघडण्याच्या विकारात (अ‍ॅकलेशिया) गार पाण्याने झडप आणखी आवळते. घन अन्न आणि पाणी दोन्ही छातीत अडकतात, दुखते. अशांना कोमट पाणी सोसते. संवेदनशील आतड्याच्या काही रुग्णांनाही गार पाण्याने पोटात कळ येते. एकाच जेवणाबरोबर काही दिवस साधे पाणी आणि काही दिवस तेवढेच गार पाणी घेऊन पाहिले, तर त्रास गारव्याचा आहे की नाही ते कळते.

गाड्यावरच्या सरबतानंतर काही तासांत जुलाब सुरू झाले, तर संशय बर्फाच्या पाण्यावर घ्यावा. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. मासळी वगैरे टिकवण्याचा अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्याला निळा रंग देणे बंधनकारक केले आहे.