द्विवचन

नेमक्या दोन वस्तू किंवा व्यक्ती दाखवणाऱ्या व्याकरणिक रूपाला द्विवचन म्हणतात. संस्कृत, अरबी आणि स्लोव्हेनियन या भाषांत ते आहे. अशा भाषेत बहुवचन तीनपासून सुरू होते, आणि ज्याची मातृभाषा एक व अनेक एवढाच भेद जाणते तो शिकणारा दोनांनाही सवयीने बहुवचनच लावतो. ही नोंद मुख्यतः संस्कृतातील द्विवचनाविषयी आहे.

संस्कृतात द्विवचन नामापुरते थांबत नाही. ‘झाडावरून दोन सुंदर फुले पडतात’ हे वाक्य घेऊ. नवशिका बहुधा ‘द्वे सुन्दराणि पुष्पाणि वृक्षात् पतन्ति’ असे लिहितो. संख्या बरोबर आली, पुढचे सारे बहुवचनात गेले. शुद्ध वाक्य ‘द्वे सुन्दरे पुष्पे वृक्षात् पततः’ असे होते, म्हणजे विशेषण, नाम आणि क्रियापद तिन्ही द्विवचनात. म्हणून लिहून झाल्यावर क्रियापदापासून मागे तपासत जावे. ‘पतन्ति’ दिसले की कर्ते किती हे मोजायचे. दोनच असतील तर चूक तिथेच सापडते. रूपांचे ओझे मात्र वाटते तेवढे नाही. ‘राम’ शब्दाला द्विवचनात सर्व विभक्ती मिळून रामौ, रामाभ्याम् आणि रामयोः ही तीनच रूपे आहेत.

मराठी भाषकाला आणखी एक अडचण येते, आणि पाठ्यपुस्तकांनी ती ठळकपणे सांगायला हवी. मराठीत ‘पुष्पे’, ‘फळे’, ‘नेत्रे’ ही एकारान्त रूपे बहुवचनाची आहेत. संस्कृतात ‘पुष्पे’ म्हणजे दोनच फुले, तीन झाली की ‘पुष्पाणि’. त्यामुळे ‘त्रीणि पुष्पे’ अशी उलटी चूकही होते, आणि ती लिहिणाऱ्याच्या कानाला खटकत नाही, कारण रूप ओळखीचे असते.

‘दोन’ हा शब्द वाक्यात नसतो तेव्हा चूक जास्त होते. ‘माझे डोळे दुखतात’ म्हणताना मराठीत कोणी डोळे मोजत नाही. संस्कृतात एका माणसाचे डोळे, हात आणि पाय सहजच द्विवचनात येतात: नेत्रे, हस्तौ, पादौ. आईवडिलांना ‘पितरौ’, पतिपत्नीला ‘दम्पती’. स्लोव्हेनियनमध्ये याच्या उलट चालते. तिथे द्विवचन आजही रोजच्या बोलण्यात आहे, तरी पाय दुखतात हे साधारणपणे बहुवचनातच सांगतात. ‘दोन्ही’ असा स्पष्ट शब्द आला की मग द्विवचन. तेव्हा निसर्गाने दिलेल्या जोडीला प्रत्येक भाषेत द्विवचन लागेलच असे धरून चालू नये.

अर्थाने दोन असूनही संस्कृतात द्विवचन न येण्याच्या जागाही आहेत. ‘रामः सीता च गच्छतः’ यात द्विवचन आहे, पण ‘रामः सीतया सह गच्छति’ यात क्रियापद एकवचनी, कारण कर्ता एकटा राम आहे. ‘पुस्तकद्वयम् अस्ति’ हेही एकवचन, कारण तिथे जोडी ही एक वस्तू मानली आहे. ‘द्वाविंशतिः’ म्हणजे बावीस. त्यात ‘द्वि’ असला तरी तो शब्द एकवचनी स्त्रीलिंगी आहे. पत्नी या अर्थाचा ‘दाराः’ तर एकीसाठीही पुल्लिंगी बहुवचनातच वापरतात.

‘आम्ही दोघे’ म्हणताना पाणिनीने थोडी मोकळीक दिली आहे. ‘अस्मदो द्वयोश्च’ या सूत्राने बोलणारा एक असो वा दोन, ‘वयम्’ चालते. म्हणून दोघांनी ‘वयं गच्छामः’ म्हटले तर ती चूक ठरत नाही, ‘आवां गच्छावः’ हाही पर्याय आहे. ही सवलत ‘मी’, ‘आम्ही’ या अर्थाच्या रूपांपुरतीच आहे. तिच्या आधारावर ‘द्वौ बालकाः गच्छन्ति’ लिहिता येत नाही.

वाचताना द्विवचन ओळखायला संधी मदत करतो. ई, ऊ किंवा ए यांत संपणारे द्विवचनी रूप पुढच्या स्वराशी जुळत नाही. पाणिनी अशा रूपाला ‘प्रगृह्य’ म्हणतो. ‘वने’ हे रूप दोन अर्थांनी येते, एक सप्तमीचे एकवचन आणि दुसरे प्रथमा-द्वितीयेचे द्विवचन. ‘वनेऽत्र’ असे जोडून लिहिलेले दिसले की अर्थ ‘इथे वनात’. ‘वने अत्र’ असे सुटे राहिले, आणि लेखकाने संधीचे नियम पाळले असतील, तर तिथे दोन वने आहेत.