बचत खात्याचे तिमाही व्याज पासबुकावरून कसे तपासावे आणि फरक आढळल्यास अर्ज कसा करावा

बँकेतील बचत खात्यावरचे व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर काढले जाते. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळत असे. खानदेशात कापूस किंवा केळीचे पैसे एकरकमी येतात आणि काही आठवड्यांत देणेकऱ्यांकडे जातात. अशा खात्यांना या बदलाचा मोठा लाभ झाला आणि म्हणूनच हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

व्याजासाठी दिवसाचे कामकाज संपल्यावर उरलेली शिल्लक धरतात. सकाळी जमा होऊन त्याच दिवशी दुपारी काढलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. पासबुक भरून घ्यावे, लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये शिल्लक किती दिवस कायम राहिली ते मोजावे, शिलकेला त्या दिवसांनी गुणावे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करून पुढील सूत्र वापरावे.

```
व्याज = गुणाकारांची बेरीज × वार्षिक दर ÷ 36500
```

अमळनेर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यावर १ ऑक्टोबरला १२,००० रुपये आहेत असे समजू. १८ नोव्हेंबरला कापसाच्या धनादेशाचे ८४,००० रुपये जमा झाले, २५ नोव्हेंबरला ३०,००० आणि १० डिसेंबरला २०,००० रुपये काढले. उदाहरणासाठी दर अडीच टक्के धरू.

१२,००० रुपये ४८ दिवस राहिले, म्हणून गुणाकार ५,७६,०००. त्यानंतर ९६,००० रुपये ७ दिवस, म्हणजे ६,७२,०००. ६६,००० रुपये १५ दिवस, म्हणजे ९,९०,०००. आणि ४६,००० रुपये ३१ डिसेंबरपर्यंत २२ दिवस, म्हणजे १०,१२,०००. दिवसांची बेरीज ९२ येते. ती तिमाहीच्या दिवसांशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण बहुतेक चुका इथेच होतात. गुणाकारांची बेरीज ३२,५०,००० असून व्याज २२२ रुपये ६० पैसे होते. ते पूर्ण रुपयात धरल्यास पासबुकात २२३ रुपये दिसले पाहिजेत.

हिशेब जुळला नाही, तर फरक किती आहे यावरून कारण बहुधा कळते. धनादेश १५ नोव्हेंबरला बँकेत भरला म्हणून त्या दिवसापासून मोजल्यास उत्तर सुमारे २४० येईल. परंतु रक्कम प्रत्यक्ष जमा झाली १८ तारखेला, त्यामुळे १७ रुपयांचा हा फरक बँकेची चूक नव्हे. याउलट पासबुकात १४६ रुपये दिसत असतील, तर हिशेब जुन्या किमान शिलकेच्या पद्धतीने झाल्याची दाट शंका घ्यावी, कारण या नोंदींवर त्या पद्धतीने हेच उत्तर येते. बँकेकडे बोट दाखवण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी शाखेत विचारून घ्याव्यात. काही बँका तिमाहीचे व्याज महिनाअखेरीस नव्हे, तर २५ तारखेच्या सुमारास जमा करतात, तेव्हा मोजणीचा कालावधीच सरकतो. आणि मध्येच दर बदलला असल्यास दोन्ही टप्प्यांचे व्याज वेगवेगळे काढावे लागते.

यानंतरही फरक राहिला, तर खातेदार, संयुक्त खातेदारांपैकी कोणीही किंवा अज्ञान खातेदाराचे पालक शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करू शकतात. खाते बरेच दिवस वापरात नसले, तरी बचत खात्यावरील व्याज थांबत नाही. त्याबद्दलही अर्ज करता येतो. अर्जाला त्या तिमाहीच्या पासबुक पानांची प्रत, आपला हिशेब आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. अर्जावरील सही बँकेतील नमुना सहीशी जुळणारी असावी. तिमाहीचा कालावधी, लावलेला दर आणि फरकाची रक्कम अर्जात स्पष्ट लिहावी. शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये, कारण पुढची मुदत तिच्यावरूनच मोजली जाते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते.

हा मार्ग बँकांसाठी आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अनेकांची बचत पतसंस्थांमध्ये असते. त्यांच्यावर सहकार खात्याचे नियंत्रण असल्याने तेथील तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करावी. टपाल कार्यालयाच्या बचत खात्यावर मात्र आजही १० तारीख ते महिनाअखेर यांतील किमान शिलकेवरच व्याज मिळते व ते वर्षातून एकदा जमा होते, म्हणून वरील सूत्र तेथे लावू नये.