ईआरपी जोडणी : थेट दुवे आणि मिडलवेअर

संस्थेचे हिशेब, खरेदी, साठा असे सर्व व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. अशा एका मध्यवर्ती ईआरपीशी गोदाम, कारखाना, विक्री, बँक, पगार इत्यादी स्वतंत्र प्रणाली जोडण्याच्या दोन पद्धती. थेट दुव्याच्या पद्धतीत प्रत्येक प्रणाली ईआरपीशी स्वतःच्या इंटरफेसने बोलते. मिडलवेअरच्या पद्धतीत मध्ये एक सामाईक थर असतो. तो संदेश स्वीकारतो, त्याची रचना बदलतो, रांगेत ठेवतो आणि पुढे पोचवतो. मोठ्या संस्थांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

मिडलवेअरच्या उगमाबद्दल एकमत नाही. ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ या रचनेचे श्रेय सामान्यतः गार्टनर या सल्लागार संस्थेचे रॉय शुल्टे यांच्या 2002च्या सुमाराच्या लेखनाला दिले जाते. सोनिक सॉफ्टवेअरसह काही कंपन्यांनीही त्यावर हक्क सांगितला. कँडल या कंपनीचे 1998चे ‘रोमा’ हे उत्पादन या रचनेचा सर्वांत जवळचा पूर्वज होय, असे मत खुद्द शुल्टे यांच्या नावे नोंदले गेले आहे. उत्पादनांच्या नावांपेक्षा कार्य पाहिले, तर उगम आणखी मागे न्यावा लागतो. पाठवणारा आणि घेणारा एकाच वेळी चालू नसले तरी संदेश रांगेत सुरक्षित ठेवण्याचे काम आयबीएमचे एमक्यूसिरीज 1993पासून करत होते. प्रस्तुत नोंदीत हाच दृष्टिकोन अधिक ग्राह्य धरला आहे. ईआरपी बनवणाऱ्या सॅप या कंपनीने स्वतःचे मिडलवेअर 2000नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक्सआय या नावाने आणले. पुढे त्याचे नाव पीआय झाले.

मिडलवेअरच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद दुव्यांच्या संख्येचा आहे. n प्रणाली एकमेकींशी जोडायच्या तर n(n−1)/2 दुवे लागतात. ईआरपी आणि भोवतालच्या 12 प्रणाली मिळून 13 धरल्या, तर हा आकडा 78 होतो. परंतु येथे हे सूत्र लागू पडत नाही. बहुतेक प्रणालींना फक्त ईआरपीशी बोलायचे असते, त्यामुळे थेट पद्धतीत जोड्या 12च होतात आणि मिडलवेअर आणल्यावर 13. म्हणजे संख्या एकाने वाढते! विक्रेत्यांचे सादरीकरण सहसा या मुद्द्यावरून भरभर पुढे सरकते. भोवतालच्या प्रणाली आपापसांत बोलू लागल्या की सूत्राला थोडा अर्थ येतो. पण मिडलवेअरचा खरा उपयोग ईआरपीच्या अंतर्रचनेचे ज्ञान किती ठिकाणी विखुरले आहे, यावरून ठरतो.

सॅपच्या ईआरपीमधील वस्तुक्रमांकाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. जुन्या ईसीसी आवृत्तीत हा क्रमांक जास्तीत जास्त 18 अक्षरांचा असे. 2015च्या एस/4हाना 1511 आवृत्तीपासून तो 40 अक्षरांपर्यंत वाढवण्याची सोय झाली. ही सोय मुद्दाम सुरू करावी लागते. तोवर 18ची मर्यादा कायम राहते. समजा, सुट्या भागांच्या एका उत्पादकाने दुसरी कंपनी विकत घेतली आणि तिचे क्रमांक 26 अक्षरी असल्यामुळे ही सोय सुरू केली. वस्तूची माहिती `MATMAS` या आयडॉकने, म्हणजे सॅपच्या ठरावीक रचनेच्या संदेशाने, गोदाम, उत्पादन, गुणवत्ता तपासणी, लेबल छपाई आणि डीलर पोर्टल अशा पाच ठिकाणी जाते. जुन्या `MATNR` क्षेत्रात नवा क्रमांक मावत नाही. पूर्ण क्रमांक `MATNR_LONG` या वाढीव क्षेत्रात येतो. थेट दुव्यांच्या पद्धतीत पाचही ठिकाणचा वाचन-प्रोग्राम बदलावा लागतो. त्यांतला एखादा बाहेरच्या पुरवठादाराचा असतो, एखाद्याचा मूळ कोड कोणाकडे आहे हेच माहीत नसते.

या बदलातील बिघाड ईआरपीच्या पडद्यावर सहजी दिसत नाही. संदेश पोर्टकडे, म्हणजे ईआरपीतून बाहेर पडण्याच्या वाटेकडे, सोपवला की आयडॉकची स्थिती 03 होते आणि ईआरपीच्या लेखी काम संपते. गोदामाने क्रमांक 18 अक्षरांवर छाटला, तर त्याचा पत्ता परतीच्या वाटेवर लागतो : मालाच्या आवकीचा संदेश छाटलेला क्रमांक घेऊन येतो, ईआरपीला तशी वस्तू सापडत नाही आणि आयडॉक यशस्वी नोंदीच्या 53ऐवजी त्रुटीच्या 51 स्थितीत अडकतो. अडकलेले संदेश `BD87` या व्यवहारातून पुन्हा चालवता येतात, पण क्रमांकच चुकीचा असल्यामुळे ते पुन्हा 51मध्येच येतात. 51ची ओळ वाढत असेल आणि त्रुटीत एकाच नमुन्याचे क्रमांक दिसत असतील, तर शंका छाटणीवर घ्यावी. अधिक घातक प्रकार वेगळा आहे. पहिली 18 अक्षरे सारखी असलेले दोन भाग गोदामात एकच ठरतात, त्यांचा साठा मिसळतो आणि प्रत्यक्ष मोजणीपर्यंत कोणतीही त्रुटी उमटत नाही.

मिडलवेअर असेल तर `MATNR_LONG` वाचण्याचा बदल एका ठिकाणी होतो. घेणाऱ्या प्रणालींना मिडलवेअरने ठरवलेली सामाईक रचनाच दिसते. त्यामागे सॅपचे कोणते क्षेत्र आहे, हे त्यांना कळण्याची गरज नसते. मात्र गोदामाच्या डेटाबेसमधील रकाना 18 अक्षरांचाच असेल, तर कोणतेही मिडलवेअर त्यात 26 अक्षरे बसवू शकत नाही. मग लांब क्रमांकाला छोटा पर्यायी क्रमांक देणारा तक्ता लागतो आणि तो मिडलवेअरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की वस्तूची ओळख ठरवणारी माहिती ईआरपीबाहेर, व्यवसाय विभागाच्या नजरेआड जाते. पर्यायी क्रमांक वस्तूच्या मूळ नोंदीतच ठेवावा आणि मिडलवेअरने तो फक्त वाहून न्यावा, ही विभागणी अधिक टिकते.

रांगेच्या सोयीलाही किंमत असते. ईआरपी देखभालीसाठी बंद असताना संदेश साचून राहतात आणि नंतर पोचतात, हा थेट दुव्यापेक्षा निश्चित फायदा आहे. पण क्रम पाळण्याची अट घातली, तर एक बिघडलेला संदेश त्याच रांगेतील मागचे सर्व अडवतो. नवीन ग्राहकाची नोंद त्याच्या पहिल्या मागणीआधी पोचायला हवी, अशा ठिकाणी ती अट आवश्यक असते. त्यामुळे रांगा ग्राहकनिहाय किंवा वस्तुनिहाय विभागल्या जातात. डीलर पोर्टलवर साठा किंवा उधारीची मर्यादा दाखवणे हे याच्या उलट प्रकारचे काम. तेथे उत्तर लगेच हवे असते, शिळ्या उत्तराला मोल नसते; अशा विचारणेला ईआरपीच्या प्रकाशित एपीआयकडे जाणारा थेट दुवाच योग्य ठरतो.

मधल्या थरामुळे परवान्याचा प्रश्न सुटतो, हा समजही टिकलेला नाही. सॅप विरुद्ध डियाजिओ खटल्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017मध्ये निकाल दिला. डियाजिओ या मद्य कंपनीची सेल्सफोर्स या विक्री-व्यवस्थापनाच्या क्लाउड प्रणालीवर बांधलेली दोन अ‍ॅप्लिकेशन सॅप पीआयमार्फत ईआरपीशी जोडलेली होती. पीआयचे शुल्क भरले असले, तरी त्या अ‍ॅप्लिकेशनचे वापरकर्ते अप्रत्यक्षपणे ईआरपीच वापरतात आणि त्यांना नामनिर्देशित वापरकर्त्याचा परवाना लागतो, असे न्यायालयाने ठरवले. सॅपचा दावा सुमारे 5 कोटी 45 लाख पौंडांचा होता. या निकालात मात्र दायित्व ठरले, रक्कम नव्हे. 2018मध्ये सॅपने अशा वापरासाठी निर्माण होणाऱ्या दस्तऐवजांच्या संख्येवर आधारित परवान्याचा पर्याय आणला. त्यामुळे नवा दुवा आखताना तो ईआरपीत मागणी, बीजक यांसारखे किती दस्तऐवज निर्माण करील, याचा अंदाजही आराखड्यात मांडावा लागतो, मग तो दुवा थेट असो वा मिडलवेअरमधून जाणारा.