मधुमेहात चिखल्या परत परत का येतात?

मधुमेह असलेल्या माणसाच्या चिखल्या हटता हटत नाहीत, तेव्हा अनेकदा बुरशीचा मूळ साठा नखात असतो आणि मलम मात्र बोटांच्या बेचक्यात लावलं जात असतं. हे नेमकं कसं घडतं?

समजा, कोल्हापुरातले ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दहा वर्षांपासून मधुमेह, रोज ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी, शिवाय कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन. पावसाळ्यात दिवसभर बंद बूट. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली कातडी पांढरी, भिजल्यासारखी होऊन सोलवटते. खाज फारशी नसते, कारण मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली असते. त्यामुळे चीर पडेपर्यंत त्यांचं तिकडे लक्षच जात नाही.

औषधाच्या दुकानातून ते मलम आणतात. आपल्याकडे अशा वेळी बरेचदा हातात पडतं ते मिश्र मलम: टर्बिनाफिन, सोबत एक-दोन जंतुनाशकं आणि क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड. तीन-चार दिवसांत लाली जाते. ती जाते स्टेरॉइडमुळे. शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुरशीला उलट मोकळं रान मिळतं. मलम थांबवलं की ती पसरून परत येते. त्यातच स्टेरॉइडने कातडी पातळ होते आणि मधुमेही पायावर तीच चीर जिवाणूंना आत शिरायला दार ठरते. म्हणून नळीवर ‘क्लोबेटासोल’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘बेक्लोमेथासोन’ यांपैकी काही छापलेलं असेल, तर ती चिखल्यांवर लावू नये.

स्टेरॉइड नसलेलं साधं क्लोट्रिमाझोल १ टक्का आणलं, तरी फसगत होते ती दिवसांत आणि मापात. ते दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे लावायचं असतं. कातडी आठव्या दिवशी साफ दिसली तरीही. तळव्यालाही बुरशी असेल तर पूर्ण पाऊल झाकायला एका वेळी सुमारे १ ग्रॅम मलम लागतं. दोन्ही पावलांना दोनदा लावायचं म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅमची नळी चार दिवसांतच संपते. बहुतेक घरांत मात्र ती महिनाभर पुरवली जाते! तळव्याची ही बुरशी पिठासारखी कोरडी, भुरी दिसते. लोक तिला भेगा समजून व्हॅसलिन चोळत राहतात.

आता नख. अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं आणि त्याखाली भुसा. मलम एवढ्या जाड नखातून आत पोचत नाही, आणि तिथली बुरशी पुन्हा बेचक्यात उतरते. पण बिघडलेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. साधारण निम्म्या नखांमागे बुटाचा दाब, जुना मार किंवा सोरायसिस असतो. म्हणून आधी नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. मलम लावत असताना हा नमुना दिला तर बुरशी असूनही ती सापडत नाही, त्यामुळे मलम कधी थांबवायचं ते आधी विचारून घ्यावं.

बुरशी सापडली तर पोटातून औषध. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणलेली गोळी या गृहस्थांना महागात पडू शकते. फ्लुकोनाझोल ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढवतं, त्यामुळे साखर एकदम उतरू शकते. इट्राकोनाझोल अॅटोर्वास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतं, मग स्नायूंना इजा होऊ शकते. हृदय कमजोर असेल तर ते नखांसाठी देतच नाहीत. त्यामानाने टर्बिनाफिनचं या गोळ्यांशी फारसं भांडण नाही, पण आधी यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी, आणि मूत्रपिंड बरंच मंदावलं असेल तर तेही टाळतात. पायाच्या नखासाठी नेहमीचं माप २५० मिलिग्रॅम, रोज एक, १२ आठवडे.

इथे एक गैरसमज हमखास होतो. १२ आठवड्यांनी नख अजून पिवळंच दिसतं आणि औषध वाया गेलं असं वाटतं. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, त्यामुळे अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष जातं. गोळी बंद केल्यावरही औषध काही महिने नखात टिकतं. ते लागू पडलं की नाही, हे नखाच्या मुळाशी कळतं: तिथून स्वच्छ पट्टा वर सरकू लागला की समजावं. डॉक्टर कधी कधी खराब भागाच्या सीमेवर बारीकशी खूण करतात. खूण पुढे सरकली आणि पिवळेपणा तिच्या मागे आला नाही, म्हणजे औषध चाललं.

या काळात जाड नख घरी ब्लेडने तासू नये, आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. बधिर पायाला चटका कळत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या फडक्याने टिपाव्यात, मोजे सुती आणि रोज धुतलेले असावेत, आणि बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येक जोडाला वाळायला एक दिवस मिळतो. पाय लाल, गरम होऊन सुजला, चिरेतून पू किंवा दुर्गंधी आली, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर बुरशीचं मलम लावत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.