व्यस्त फलन आणि त्याच्या अनंतस्पर्शी रेषा

व्यस्त फलन : प्रत्येक शून्येतर संख्येला तिचा गुणाकार व्यस्त देणारे फलन, y = 1/x. दोन बहुपदींच्या भागाकाराला परिमेय फलन म्हणतात. ज्यांच्या छेदात चल आहे अशा परिमेय फलनांत हे सर्वांत साधे, कारण अंशात नुसता 1 आणि छेदात नुसता x. याचा आलेख अपास्त असून त्याच्या दोन शाखा पहिल्या व तिसऱ्या चरणात असतात. x = 0.01 असताना y = 100 आणि x = −0.01 असताना y = −100; वक्र दूर जाताना ज्या रेषेच्या हवा तितका जवळ जातो, ती त्याची अनंतस्पर्शी रेषा. शून्याजवळ वक्र असा दोन्हीकडे सुटतो, म्हणून y-अक्ष ही उभी अनंतस्पर्शी रेषा. x = 1000 ला y फक्त 0.001 उरतो, म्हणून x-अक्ष ही आडवी.

हाच आलेख आधी a पट उभा ताणला आणि मग h एकक उजवीकडे व k एकक वर सरकवला, की y = k + a/(x − h) मिळते. अनंतस्पर्शी रेषाही सोबत सरकतात आणि x = h व y = k होतात. a मुळे त्या जागच्या हलत नाहीत. वक्र त्यांच्यापासून किती लांबून वळतो एवढेच बदलते. मात्र आधी वर सरकवून मग ताणले तर आडवी रेषाही ताणली जाते : 2(1/x + 3) ची आडवी अनंतस्पर्शी y = 3 नसून y = 6 आहे.

बहिर्गोल भिंगाचे उदाहरण घेऊ. नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तूचे अंतर u, प्रतिमेचे v. वास्तव वस्तू व वास्तव प्रतिमा यांची अंतरे धन मानली, तर 1/u + 1/v = 1/10, म्हणजेच v = 10u/(u − 10). या रूपात आलेख ओळखू येत नाही. 10u ला u − 10 ने भागावे : भागाकार 10, बाकी 100. म्हणून

v = 10 + 100/(u − 10)

वस्तू 15 सेंमीवर असेल तर प्रतिमा 30 वर, 11 वर आणली तर 110 वर. u = 10 ही उभी अनंतस्पर्शी म्हणजे नाभीवरची वस्तू, जिची प्रतिमा अनंतावर जाते. v = 10 ही आडवी; फार दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीजवळ पडते. वस्तू 5 सेंमीवर आली की v = −10, म्हणजे प्रतिमा आभासी. भौतिकशास्त्रातला एवढा भाग दोन रेषांत वाचता येतो, हे मोठे सुंदर आहे.

चूक बहुधा छेदात होते. 1/(2x − 6) मध्ये सरकणे 6 चे नाही. छेदातून 2 बाहेर काढल्यावर 0.5/(x − 3) दिसते आणि उभी रेषा x = 3 ठरते. ‘छेद शून्य तिथे अनंतस्पर्शी’ हा नियमही डोळे मिटून लावू नये. (2x − 6)/(x − 3) मध्ये बाकी शून्य उरते; आलेख म्हणजे y = 2 ही सरळ रेषा, फक्त x = 3 पाशी तिच्यातला एक बिंदू गळलेला.